कामगार स्वखुशीने येतो, मग कमी पगार हे शोषण कसं?

रेवती_क

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बांगलादेशातल्या शिलाई कारखान्यांचा विषय निघाला की दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, "मॅडम, कोणी हात धरून आणलेलं नाही ना? गावाकडून मुली आपणहून ढाक्याला येतात, गेटवर रांगा लावतात. त्यांना हा पगार परवडतो म्हणूनच येतात. मग शोषण कुठे झालं?" मी काहीतरी उत्तर देते, पण त्याने माझंच समाधान होत नाही. प्रश्नात तथ्य आहे हे मला दिसतं. १२,५०० टाका महिना हा तिथे २०२३ मध्ये कायद्याने ठरलेला किमान पगार आहे, म्हणजे बेकायदाही काही नाही. दोघांच्या संमतीने झालेला, दोघांचाही फायदा असलेला व्यवहार चुकीचा ठरवायचा तर कशाच्या आधारावर? या धंद्यात काम केलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.

निनाद

तुमचा विद्यार्थी बरोबर बोलतोय. शोषण म्हणण्याआधी एकच गोष्ट विचारायची: ही नोकरी नसती तर ती मुलगी कुठे असती? रंगपूर किंवा मैमनसिंगच्या खेड्यात दुसऱ्याच्या शेतावर, नाहीतर ढाक्यात कोणाच्या घरी धुणीभांडी करत, आणि लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी. हीथ आणि मुबारक या दोन अर्थतज्ज्ञांनी अशा कारखान्यांजवळची आणि लांबची गावं ताडून पाहिली आहेत. जवळच्या गावांत मुलींची लग्नं उशिरा होतात, मूल उशिरा होतं आणि लहान मुली शाळेत टिकतात. हे काम त्या पगाराने केलं, भाषणांनी नाही.

उलट उदाहरणही आहे. १९९२-९३ च्या सुमारास अमेरिकेत सिनेटर हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदी घालणारं विधेयक आणलं. ते मंजूरसुद्धा झालं नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशी कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली बरीच शाळेत न जाता खडी फोडायला आणि त्याहून वाईट कामांना लागली, हे युनिसेफनेच नोंदवलंय. भल्या माणसांनी पर्याय काढून घेतला की असं होतं.

अवलिया_नगर

म्हणूनच मी दुकानात लेबल बघून कपडा घेतो. बांगलादेश, चीन दिसलं की परत ठेवतो. आपलं आपल्याकडे बनलेलंच घ्यावं, प्रश्नच मिटला.

रेवती_क

अवलिया, तुमचा मुद्दा वेगळा आहे. आपण काय घ्यावं हे मी विचारत नाहीये. मालकाने जो पगार दिला तो न्याय्य होता का, एवढंच विचारतेय. आणि आपल्याकडचं लेबल लागलं म्हणजे पगार बरा असेल, असं तरी कुठे आहे?

शैलजा_इचलकरंजी

ताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. आमच्या घरात यंत्रमागावरची मजुरी दोन पिढ्यांची. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. पगार महिन्याचा नाही, कापडावर. ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेल्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावरून आमच्या गावात किती संप झाले ते जुन्या लोकांना विचारा. धागा तुटला, वीज गेली, ताण्याच्या धाग्यांचा बीम यायला उशीर झाला तर माग बंद आणि मजुरीही बंद.

आम्हालाही कोणी जबरदस्ती केली नाही. पण मोठ्या मुलीच्या लग्नाला आमच्या ह्यांनी कारखानदाराकडून उचल घेतली. त्यानंतर दुसरीकडे मीटरमागे चार पैसे जास्त मिळत होते तरी जाता येईना, कारण आधी उचल फेडायची. कारखानदार वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो स्वतःच व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणत होता. पण 'स्वखुशीने' म्हटलं की मला ती उचल आठवते. कामाला लागताना स्वखुशी होती, सोडताना नव्हती.

सदानंद_इं

रेवतीताई, मी बरीच वर्षं ढाक्याजवळच्या गाझीपूरमध्ये निटवेअर कारखान्यांत इंडस्ट्रियल इंजिनियर होतो. माझं काम म्हणजे घड्याळ घेऊन लाइनवर उभं राहायचं, कोणत्या शिलाईला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि तासाचं टार्गेट ठरवायचं. या पगाराचा हिशोब मीच करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निनाद यांचं अर्धं मला मान्य आहे. कारखाना बंद पडला की आमच्या लाइनवरच्या मुली रडायच्या, आणि त्या रडण्यात नाटक नव्हतं. पण त्यावरून पगार योग्य होता असं निघत नाही. नोकरी नसण्यापेक्षा नोकरी बरी, एवढंच निघतं. १२,५०० मिळाले तरी ती येते, ८,००० मिळत होते तेव्हाही येत होती.

आकडेच बघा. १९९४ मध्ये तिथला किमान पगार ९३० टाका ठरला आणि बारा वर्षं तो हलला नाही. महागाई वाढत गेली आणि मुली येत राहिल्या. २००६ मध्ये कामगार रस्त्यावर उतरले, कारखाने पेटले, तेव्हा तो १,६६२ झाला. २०१० मध्ये ३,०००. राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळल्यावर २०१३ च्या अखेरीस ५,३००. पुढे २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५००. या प्रत्येक रकमेला त्या मुलींची संमती होती. म्हणजे संमतीवरून रकमेबद्दल काहीच कळत नाही. ९३० आणि १,६६२ यांच्यात जो फरक पडला तो मुलींची मर्जी बदलल्यामुळे नाही, त्या एकत्र उभ्या राहिल्यामुळे पडला. तेवढे पैसे त्या धंद्यात आधीही होतेच.

निनाद

सदानंदजी, धंद्यात पैसे होते हे सहज म्हणता येतं. कारखानदाराचा नफा किती असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

सदानंद_इं

आहे ना, म्हणूनच सांगतो. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घ्या. शिवायला साधारण सहा मिनिटांचं काम. पण लाइन कधी शंभर टक्के चालत नाही. सुई तुटते, रंग बदलतो, नवी मुलगी अडते. निम्म्या कार्यक्षमतेवर चाललेली लाइन तिथे अगदी नेहमीची. म्हणजे एका टी-शर्टमागे बारा मिनिटांचा पगार. १२,५०० टाका भागिले महिन्याचे २०८ तास, म्हणजे तासाला साठ टाका, मिनिटाला एक. झाले बारा टाका. कटिंग, हेल्पर, इस्त्री, पॅकिंग सगळं धरून ढोबळ पंचवीस म्हणा. ऑपरेटरला हेल्परपेक्षा थोडं जास्त मिळतं, पण हिशोब फार हलत नाही.

असा टी-शर्ट बायर कारखान्याकडून तीनेक डॉलरला घेतो, त्यावेळच्या दराने ३३० टाका. त्यात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा. कारखान्याला हातात उरतात दहा-पंधरा टाका, तेही माल वेळेवर बोटीवर चढला तर. उशीर झाला आणि विमानाने पाठवावा लागला की तो नफा गेला. म्हणजे एकट्या कारखानदाराने मनावर घेऊन पगार दुप्पट केला तर तो वर्षभरात बुडेल. इथे निनाद बरोबर आहेत. पण तेच पंचवीस टाका, म्हणजे पाव डॉलरहून कमी, बायरच्या दरात चढले तर युरोपातल्या दुकानात कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून 'मालक शोषण करतो का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. गेटवरचा मालक आणि दर ठरवणारा खरेदीदार ही दोन वेगळी माणसं आहेत आणि दुसऱ्याची सही त्या मुलीच्या नेमणूकपत्रावर कधीच नसते.

केतकी_म्हात्रे

कायद्याच्या बाजूने एक भर घालते. १९८२ च्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, पीपल्स युनियन फॉर डेमॉक्रॅटिक राइट्सचा. न्या. भगवती यांनी त्यात म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारीच. मारहाण किंवा धमकीची गरज नाही. भुकेमुळे माणसाला दुसरा मार्गच उरला नसेल तर तीही सक्तीच. म्हणजे मजूर आपणहून आला हा बचाव आपल्या न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वीच फेटाळला आहे.

निनाद

पण केतकीताई, तो निकाल किमान वेतनाच्या खालच्या मजुरीबद्दल आहे. गाझीपूरच्या मुलीला किमान वेतन मिळतंय. तुमच्या निकालाप्रमाणे तिथे सक्ती ठरत नाही.

केतकी_म्हात्रे

खरं आहे, निकालाची रेघ तिथेच थांबते. ती रेघ कोणी आणि कशी आखली याबद्दल तो काही सांगत नाही. बांगलादेशात २०२३ मध्ये कामगारांनी मागितले २३,०००, वेतन मंडळाने दिले १२,५००, आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले. अशा रेघेला न्याय्य म्हणायचं का, याचं उत्तर माझ्या पुस्तकांत नाही.

ओंकार_युट्रेख्ट

मी इथे विकासाच्या अर्थशास्त्रावर शोधनिबंध लिहितोय. निनाद यांच्या 'नसती तर कुठे असती' या प्रश्नावर चक्क प्रयोग झालाय. ब्लॅटमन आणि डेरकॉन यांनी इथिओपियातल्या पाच कारखान्यांना राजी केलं. नोकरीसाठी आलेल्या साधारण हजार पात्र उमेदवारांतून चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली. काहींना नोकरीऐवजी ३०० डॉलर आणि थोडं व्यवसाय-प्रशिक्षण दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. मग वर्षभर सगळ्यांचा माग ठेवला.

संशोधकांना स्वतःला वाटत होतं की कारखानावाले पुढे जातील. तसं झालं नाही. नोकरी मिळालेल्यांची कमाई काहीच न मिळालेल्यांपेक्षा जास्त भरली नाही. धूळ, रसायनं आणि दुखापतींमुळे त्यांच्या गंभीर आरोग्य-तक्रारी मात्र वाढल्या. जवळपास एक-तृतीयांश लोक पहिल्याच महिन्यात सोडून गेले आणि वर्षअखेरीस तीन-चतुर्थांशाहून जास्त. तीनशे डॉलर घेऊन छोटा धंदा टाकणाऱ्यांची कमाई मात्र साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढली. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तिन्ही गट जवळजवळ एका पातळीवर आले होते, म्हणजे तो फायदाही टिकला नाही. त्यामुळे 'गेटवर रांग आहे म्हणजे नोकरी चांगली' हे गृहीत धरू नका. रांगेत उभ्या असलेल्यांना आतलं काम माहीत नसतं.

निनाद

ओंकार, तुमच्याच आकड्यांवरून उलटं सिद्ध होतं. तीन-चतुर्थांश सोडून गेले म्हणजे सोडता येत होतं. याहून मोठं स्वातंत्र्य कोणतं? आवडलं नाही, निघून गेले. याला शोषण म्हणता येत नाही.

ओंकार_युट्रेख्ट

इथिओपियापुरतं मान्य. तिथे भाजी विकणं, हमाली, शेती असे दुसरे मार्ग तितक्याच कमाईचे होते, म्हणून सोडता आलं. पण मग ही नोकरी म्हणजे गरिबांना मिळालेली सर्वांत मोठी संधी, हा तुमचा पहिला मुद्दा तिथे लागू पडत नाही. आणि जिथे तो लागू पडतो, म्हणजे ढाक्यात, तिथे सोडणं अवघड.

सदानंद_इं

सोडण्यावरच यायचं होतं मला. दोन गोष्टी जवळून पाहिल्यात त्या लिहितो.

पहिली ओव्हरटाइमची. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने. ऐकायला छान. पण दुप्पट कशाच्या? मूळ पगाराच्या. १२,५०० मध्ये मूळ पगार फक्त ६,७००. बाकी घरभाडं, औषधपाणी, प्रवास, जेवण. ६,७०० भागिले २०८, बत्तीस टाका तास. त्याचे दुप्पट चौसष्ट. आणि साधा तास कारखान्याला पडतो साठला. म्हणजे 'दुप्पट' ओव्हरटाइम कारखान्याला तासामागे चार टाकाच महाग. नवा माणूस घेऊन त्याला सणाचा बोनस आणि रजा देण्यापेक्षा आहे त्यालाच रात्री आठ-दहापर्यंत बसवणं स्वस्त. आणि त्या मुलीचं घरभाडं साध्या पगारात भागत नाही, म्हणून तीही बसते. मी विचारलं असतं तर तिने हसून सांगितलं असतं, "ओव्हरटाइम द्या ना भाऊ." मागत होती हे खरं. पण तिने मागावा असाच तो पगार बांधलेला होता.

दुसरी गोष्ट राणा प्लाझाची. मी तिथे नव्हतो, पण आमच्या लाइनवर नंतर आलेल्यांत तिथून वाचलेल्या होत्या. २३ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमधल्या त्या आठ मजली इमारतीच्या खांबांना तडे दिसले. पाहणाऱ्या इंजिनियरने इमारत धोकादायक असल्याचं सांगितलं. खालच्या बँकेने आपली माणसं बाहेर काढली, दुकानं बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पाच कारखान्यांच्या कामगारांना मात्र आत जायला लावलं. नऊच्या आधी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. अकराशेहून जास्त माणसं गेली.

त्या सकाळी गेटबाहेर थांबलेल्या कामगारांना आत जायचं नव्हतं. पगार अडकेल, असं त्यांना सांगितलं गेलं. तारीख बघा, चोवीस. आमच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो. म्हणजे त्या मुलीचे तेवीस दिवसांचे पैसे कारखान्याकडे होते आणि तिच्याकडे दुकानदाराची उधारी, खोलीचं भाडं. बँकेच्या कारकुनाचा जीव तिच्या जीवापेक्षा मोलाचा नव्हता. त्याला एक दिवस घरी थांबणं परवडत होतं आणि तिला नव्हतं, एवढाच फरक. शैलजाताई, तुमच्या उचलीसारखंच हे, फक्त उलट्या बाजूने. तुमच्याकडे कारखानदाराचे पैसे कामगाराकडे, तिथे कामगाराचे पैसे कारखानदाराकडे. पाय दोन्हीकडे अडकलेला.

कामाला लागताना दिलेला होकार मी खरा मानतो. तो होकार चोवीस एप्रिलच्या सकाळलाही लागू होतो, हे मानत नाही.

रेवती_क

सदानंदजी, हे वाचून विद्यार्थ्यांना काय विचारायचं ते मला सापडलं. 'ती आली का' हे विचारायचं नाही, 'तिला नाही म्हणायचं झालं तर काय गमवावं लागतं' हे विचारायचं. पण एक शंका. हे सगळं सुरक्षिततेबद्दल आणि पगार अडकवण्याबद्दल झालं. समजा इमारत पक्की आहे, पगार वेळेवर आहे, ओव्हरटाइम ऐच्छिक आहे आणि तरीही पगार १२,५००. मग?

सदानंद_इं

मग माझी खात्री थोडी ढिली पडते, खरं सांगतो. इमारतींचं काम जमलं त्याचं कारण करार होता. मे २०१३ मध्ये अ‍ॅकॉर्ड झाला, दोनशेच्या वर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात, कायद्याने बांधील. सोळाशेच्या वर कारखाने तपासले, अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याकडून त्या ब्रँडना माल घेता येत नव्हता. धोकादायक जागी काम नाकारायचा हक्कसुद्धा त्यात होता. मी स्वतः पाहिलंय, वर्षानुवर्षं कुलूप लागलेले जिने उघडले, दार आतून ढकललं की उघडेल असे अग्निदरवाजे बसले. २०१२ मध्ये ताझरीन कारखान्याच्या आगीत शंभराहून जास्त माणसं गेली होती ती बाहेर पडता न आल्यामुळेच. पण त्या करारात पगार नव्हता. पगाराचं नाव काढलं की प्रत्येक बायर म्हणतो, आम्ही किमान वेतन पाळतो.

निनाद

आणि पगाराचा दुसरा परिणाम कोणी लिहिला नाही. २०१३ नंतर बांगलादेशची निर्यात खूप वाढली, पण कामगारांची संख्या त्या मानाने वाढली नाही. स्वेटरच्या कारखान्यांत हाताच्या मशीनची जागा जॅकार्ड या संगणकी विणकाम यंत्राने घेतली. बायकांचं प्रमाणही उतरलं. पगार वाढला की यंत्र स्वस्त वाटू लागतं. मग जी मुलगी गेटच्या आत कधी पोचलीच नाही तिचं काय? तिच्या बाजूने रस्त्यावर कोणी उतरत नाही.

सदानंद_इं

जॅकार्डचं खरं आहे. एकेका माणसाकडे पाच-सहा मशीन गेलेली मी पाहिली. पण ती सगळी पगारामुळे आली असं नाही. बायरला डिझाइन लवकर हवं होतं, माल एकसारखा हवा होता, तेही कारण होतं. शिलाईच्या लाइनवर मात्र अजून माणूसच लागतो. मऊ कापड बिनचूक धरून सुईखाली सरकवणारं परवडणारं यंत्र आमच्याकडे आलेलं नव्हतं. म्हणून शिलाईच्या पगारवाढीने नोकऱ्या गेल्या हे मी मानायला तयार नाही. स्वेटरबाबत तुमच्याशी वाद घालणार नाही.

शैलजा_इचलकरंजी

आमच्याकडेही शटललेस माग आले आणि जुने माग भंगारात गेले, मजुरी फार वाढली नव्हती तरी. निनाद, त्यामुळे सगळं खापर मजुरीवर नका फोडू. आणि सदानंदभाऊ, एक विचारू? तुम्ही टार्गेट ठरवायचात म्हणालात. ते पूर्ण झालं नाही तर त्या मुलींचं काय व्हायचं?

सदानंद_इं

ताई, ते तासातासाला लाइनच्या टोकाच्या फळ्यावर लिहिलं जायचं. कमी पडलं की सुपरवायझर ओरडायचा, कधी शिवीगाळ. काही ठिकाणी कमी पडलेले पीस सुट्टी झाल्यावर पूर्ण करून घ्यायचे, आणि तो वेळ ओव्हरटाइममध्ये धरायचा नाही. ते कसं ओळखायचं हेही सांगतो. हजेरीच्या पंचिंगमध्ये बाहेर पडल्याची वेळ सात दिसते आणि लाइनच्या उत्पादनाच्या वहीत आठच्या तासाचे पीस लिहिलेले असतात. तपासनीस आला की पंचिंग बघतो. वही क्वचितच मागतो.

केतकी_म्हात्रे

ही वहीची गोष्ट महत्त्वाची आहे. कारण मग 'किमान वेतन पाळलं' हेही कागदावरच. तो बुडवलेला तास मोजला तर तासाचा दर किमानच्या खाली जातो, आणि निनाद, तिथे आपला १९८२ चा तर्क लागू होतो.

निनाद

पगार बुडवणं चोरीच आहे, त्यावर माझा वाद कधीच नव्हता. कबूल केलेला पगार पूर्ण दिला तर कमी पगार म्हणजे शोषण, हे मात्र मी अजून मानत नाही. ते पंचवीस टाका बायरने का द्यावेत? तो कंबोडियाला जाईल.

सदानंद_इं

एकटा बांगलादेश मागेल तर जाईल. म्हणूनच दराची वाटाघाट करताना मजुरीची मिनिटं वेगळी लिहावीत आणि त्या रकमेवर घासाघीस करू नये, अशी मागणी संघटना करतात. कापडावर, बटणावर, बोटीच्या भाड्यावर हवी तेवढी करा. तांत्रिकदृष्ट्या यात काही अवघड नाही, प्रत्येक कारखान्यात ती मिनिटं मोजलेली असतात, मीच मोजत होतो. पण बायरने दिलेली ती रक्कम मुलीच्या पगारपत्रकात उतरते की मालकाच्या नव्या मजल्यात जाते, हे बघणार कोण? अ‍ॅकॉर्डमध्ये जिना उघडा आहे की बंद, हे डोळ्यांनी दिसत होतं. पैशांचं तसं नाही. संघटना असलेल्या कारखान्यात बायका ते बघू शकतील. तशा संघटना तिथे फार थोड्या कारखान्यांत आहेत, आणि संघटना काढणाऱ्या मुलीला पुढच्या महिन्यात 'काम नाही' म्हणून सांगतात.

रेवती_क

पुढच्या आठवड्यात वर्गात टी-शर्टचा हिशोब आणि ओव्हरटाइमचा चौसष्ट टाकांचा हिशोब फळ्यावर मांडते. आधी मुलांनाच आकडेमोड करायला लावेन, मग विचारेन. निनाद यांचा कंबोडियाचा प्रश्नही ठेवणार आहे, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विद्यार्थी काय म्हणतात ते इथे लिहीन.